विज्ञान प्रयोगशाळेचा प्रस्ताव : मसुद्याच्या नोंदी

३ जुलै

आज मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. विज्ञान प्रयोगशाळेचा विषय व्यवस्थापन समितीच्या २८ ऑगस्टच्या बैठकीत घ्यायचा आहे आणि प्रस्ताव मी लिहायचा आहे. ते म्हणाले, "मॅडम, पत्र दोन पानांचं ठेवा, बाकी सगळं परिशिष्टात जाऊ द्या. सदस्य पहिलं पान वाचतात आणि त्यावरच प्रश्न विचारतात."

सध्या आमच्याकडे शिक्षक-खोलीत एक कपाट आहे. त्यातलं साहित्य ट्रेमध्ये घालून वर्गात न्यायचं, टेबलावर प्रयोग करून दाखवायचा आणि तास संपायच्या आत परत आणायचं. मागच्या आठवड्यात हायड्रोजनची परीक्षा दाखवली. जळती काडी परीक्षानळीच्या तोंडाशी नेली आणि 'पॉप' असा आवाज झाला. शेवटच्या बाकावरची मुलगी तासानंतर येऊन म्हणाली, "बाई, आवाज ऐकला, पण नळीत काय होतं ते दिसलंच नाही." चाळीस मुलांत आठ-दहा जणांनाच ते दिसलं असेल. प्रस्तावाची सुरुवात याच गोष्टीने करावी असं मनात आहे.

७ जुलै

पहिला मसुदा झाला. एका पुरवठादाराकडून माध्यमिक शाळेसाठीची तयार यादी मागवली होती. ती जवळजवळ जशीच्या तशी परिशिष्टात लावली आणि वर दीड पानाचं पत्र जोडलं. दीडशेच्या वर वस्तू झाल्या. कागद भारदस्त दिसत होता.

मुख्याध्यापकांनी दहा मिनिटं चाळला. काही खोडलं नाही, फक्त यादीच्या समासात उभी रेघ ओढून लिहिलं, "यातलं काय कशासाठी?"

उत्तर द्यायला बसले आणि देता आलं नाही. यादीत संहत हायड्रोक्लोरिक आम्लाच्या अडीच लिटरच्या चार बाटल्या होत्या, पण बहिर्गोल भिंगं फक्त दोन. आम्हाला भिंगं दहा लागतील. दहा लिटर आम्ल कशाला लागेल हे मला सांगता येईना. यादी कुठल्याही शाळेची असू शकली असती, आणि सदस्यांनी बरोबर तोच प्रश्न विचारला असता.

१० जुलै

सगळं बाजूला ठेवून प्रयोगांपासून सुरुवात केली. विज्ञानाचे आम्ही तिघे शिक्षक आठवी, नववी आणि दहावीची पुस्तकं घेऊन दोन दुपार बसलो. मुलांनी स्वतःच्या हाताने करायलाच हवेत असे प्रयोग वेगळे काढले. जे वर्गात बाकावर होतात, घरी करता येतात किंवा नुसते दाखवून भागतात ते सोडून दिले. आठवीचे ११, नववीचे १२ आणि दहावीचे १४, असे एकूण ३७ उरले.

प्रत्येक प्रयोगासमोर तीन रकाने केले: साहित्य काय, किती आणि प्रयोग संपल्यावर मागे काय उरतं. तिसरा रकाना माझ्या सहकाऱ्याने सुचवला. मला तो आधी जास्तीचा वाटला होता, पण सगळ्यात जास्त माहिती त्यानेच दिली. जस्त आणि मोरचुदाच्या प्रयोगात उरलेलं निळसर पाणी गटारात सोडायचं नाही, त्यासाठी झाकणाची वेगळी बरणी हवी. सिल्व्हर नायट्रेटचंही तसंच. चुनखडी आणि विरल आम्लाच्या प्रयोगात उरतं ते पाणी भरपूर पाण्यासोबत मोरीत जाऊ शकतं, पण मग मोरी आणि तिचा पाइप आम्लाला टिकणारा हवा. अमोनियाच्या प्रयोगानंतर खोलीत वास राहतो, म्हणून बाहेर हवा फेकणारा पंखा. तयार यादीत यातलं काहीच नव्हतं, कारण यादी वस्तूंची होती आणि हे प्रश्न खोलीचे आहेत.

१४ जुलै

दहा लिटर आम्लाचा हिशेब पुरा केला. तो इथे सविस्तर लिहून ठेवते, कारण बाकीच्या रसायनांचाही याच पद्धतीने करायचा आहे.

आमच्याकडे प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या, तुकडीत ४० मुलं. प्रयोगाला निम्मी तुकडी घ्यायची असं ठरवलं आहे (का, ते पुढे खोलीच्या नोंदीत येईल). म्हणजे एका वेळी २० मुलं, दोन-दोनच्या १० जोड्या. एका इयत्तेचे चार गट होतात, म्हणून एक प्रयोग एका वर्षात ४० जोड्या करतात. एका जोडीला विरल आम्ल १० मिलिलिटर पुरतं. एका प्रयोगाला ४०० मिलिलिटर झालं. तिन्ही इयत्ता मिळून हायड्रोक्लोरिक आम्ल लागणारे प्रयोग पाच आहेत, म्हणजे दोन लिटर. सांडणं आणि पुन्हा करावं लागणं यासाठी निम्मं वाढवून तीन लिटर धरलं.

हे तीन लिटर विरल आम्ल आहे. साधारण १ मोलार तीव्रतेचं एक लिटर बनवायला संहत आम्ल सुमारे ८५ मिलिलिटर लागतं. तिनाने गुणलं की अडीचशेच्या थोडंसं वर. म्हणजे ५०० मिलिलिटरची एक बाटली वर्षभर पुरून निम्मी उरते. यादीतलं दहा लिटर जवळपास चाळीस वर्षं पुरलं असतं! आणि हे आम्ल नुसतं पडून राहणारं नाही. झाकणातून त्याची वाफ थोडी थोडी निघतच असते आणि आजूबाजूच्या लोखंडाला गंज चढवते.

सहकाऱ्यांना हिशेब दाखवला तर एक जण म्हणाले, "आपणच आकडे कमी केले तर समिती पुढच्या वेळी अजून कमी करेल." मला तसं वाटत नाही. जो आकडा जोड्या आणि प्रयोगांपर्यंत मागे नेता येतो तो कापायला कोणी धजत नाही, कारण कापला तर कोणता प्रयोग गळतो ते समोर दिसतं.

१९ जुलै

वेळापत्रक. हा भाग मी पहिल्या मसुद्यात एका वाक्यात संपवला होता: "विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा प्रयोगाची संधी मिळेल." आज कागदावर मांडल्यावर कळलं की ते वाक्य खरं नव्हतं.

सहा तुकड्यांचे निम्मे निम्मे केले की बारा गट होतात. प्रयोगाला जोडतास हवा, कारण ४० मिनिटांच्या एका तासात साहित्य मांडून, प्रयोग करून, धुऊन ठेवणं होत नाही. आठवड्याला प्रत्येक गटाचा एक जोडतास म्हणजे २४ तास. आठवड्याचे तास आहेत ४०, आणि आम्हा तिघांना बाकीचं विज्ञानही शिकवायचं आहे. हे जमणारं नाही. पंधरवड्याला एक धरला तर आठवड्याला सहा जोडतास, म्हणजे १२ तास. शिकवण्याचे आठवडे ३० धरले तर प्रत्येक गटाची पाळी वर्षात १५ वेळा येते. दहावीचे प्रयोग १४ आहेत. बसतं, आणि एखादी पाळी चुकली तर भरून काढायला एक उरते.

खरी अडचण वेगळीच होती. निम्मी तुकडी प्रयोगशाळेत असताना उरलेली वीस मुलं कुठे? त्यांना सांभाळायला वेगळा शिक्षक मागितला तर प्रस्ताव तिथेच अडकेल. संगणकाच्या शिक्षिकेशी बोलले. त्यांच्या खोलीत २० संगणक आहेत आणि ४० मुलं एकदम येतात, एका यंत्रावर दोघं. त्यांनीच तोडगा काढला: एका आठवड्यात निम्मी तुकडी त्यांच्याकडे आणि निम्मी माझ्याकडे, दुसऱ्या आठवड्यात अदलाबदल. त्यांना एका मुलामागे एक संगणक मिळतो, मला वीस मुलं मिळतात आणि शिक्षक वाढवावा लागत नाही. हे एका परिच्छेदात त्यांच्या संमतीसह प्रस्तावात घातलं आहे.

२४ जुलै

खोली. देऊ केलेली खोली वरच्या मजल्यावर कोपऱ्यात आहे. उजेड छान, वारा छान. आधी मी खूश होते. आज समितीतले एक पालक-सदस्य, जे बांधकामातले अभियंता आहेत, त्यांना सहज म्हणून दाखवायला नेली. त्यांनी खिडकीकडे पाहिलंच नाही. खाली वाकून फरशी बघितली आणि विचारलं, "मोरीचं पाणी कुठून काढणार?"

त्या खोलीला लागून पाण्याची एकही नळी नाही. मोरीचा पाइप एक तर स्लॅबला भोक पाडून खालच्या वर्गाच्या छतातून न्यायचा, नाही तर फरशीवरून भिंतीपर्यंत. फरशीवरून न्यायचा तर उतार हवा. त्यांनी दर चाळीस सेंटीमीटरला एक सेंटीमीटर असा उतार धरला. मोरी खोलीच्या मध्यापासून बाहेरच्या भिंतीपर्यंत सहा मीटरवर असेल, तर शेवटी पाइप १५ सेंटीमीटर खाली जायला हवा. तेवढी जागा स्लॅबवर नाही. उतार कमी दिला तर मुलांच्या काडीकचऱ्याने आणि गाळणकागदाच्या तुकड्यांनी पाइप तुंबतो, आणि आम्लाचं पाणी तिथेच साचून राहतं.

मग आम्ही तळमजल्यावरची जुनी सामानाची खोली पाहिली. नऊ मीटर लांब आणि सहा मीटर रुंद, म्हणजे ५४ चौरस मीटर. वीस मुलांना प्रत्येकी २.७ चौरस मीटर येतात. चाळीस एकदम घेतली तर निम्मेच, आणि पेटता दिवा हातात असताना एकमेकांच्या पाठीला पाठ लागते. त्या खोलीच्या मागच्या भिंतीपलीकडे स्वच्छतागृह आहे, म्हणजे पाणी आणि निचरा दोन्ही भिंतीच्या पलीकडेच. दोन मोऱ्या त्या भिंतीला लावल्या की फरशी फोडायची गरज नाही. दोनच का, त्याचाही हिशेब केला. शेवटच्या दहा मिनिटांत दहा जोड्या साहित्य धुणार. एका जोडीला दोन मिनिटं धरली तर दोन मोऱ्यांवर दहा मिनिटांत काम उरकतं. एकच असेल तर वीस मिनिटं रांग लागते आणि पुढचा वर्ग दारात उभा राहतो.

या खोलीला एकच दार आहे. पुढच्या खिडकीच्या जागी दुसरं, बाहेरच्या बाजूला उघडणारं दार मागितलं आहे. आग लागली किंवा एखादी बाटली फुटली तर ती दाराजवळ नसेलच असं कोणी सांगू शकत नाही.

२६ जुलै

पाण्याची एक गोष्ट परवा राहिली. शाळेची टाकी दुपारनंतर बऱ्याचदा रिकामी होते. डोळ्यात आम्ल उडालं तर डोळा वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटं धरावा लागतो. मिनिटाला दीड लिटर धरलं तरी साडेबावीस लिटर झालं. नळच कोरडा असेल तर डोळे धुण्याचं उपकरण भिंतीवर लावून काही उपयोग नाही.

त्यामुळे प्रयोगशाळेसाठी स्वतंत्र २०० लिटरची टाकी मागितली. एका जोडतासाला धुण्याचं पाणी जोडीमागे तीन लिटर, म्हणजे ३० लिटर. दिवसात जास्तीत जास्त दोन जोडतास, म्हणजे ६०. डोळ्यांसाठीचं पाणी धरूनही टाकी दोन दिवस पुरते. धुण्याच्या नळांची तोटी टाकीच्या तळापासून थोडी वर काढायची, म्हणजे खालचं पाणी डोळ्यांच्या नळासाठीच राहील. हे अभियंता सदस्यांनी सुचवलं.

३१ जुलै

ओट्याचा दगड. कंत्राटदाराने दोन नमुने पाठवले, हाताच्या पंजाएवढे दोन काळे तुकडे, दोन्हींना चकाकी. दोन्ही ग्रॅनाइटच आहेत असं तो म्हणाला. एक बराच स्वस्त होता. लिपिकांच्या मते स्वस्त तोच घ्यावा, कारण दिसायला दोघांत काही फरक नाही.

मी दोन्ही तुकडे मागच्या ओसरीत खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. ड्रॉपरने प्रत्येकावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एकेक थेंब टाकला आणि भिंग धरून बघत राहिले. पहिल्या तुकड्यावरचा थेंब तसाच राहिला, फुगीर आणि शांत. दुसऱ्यावरच्या थेंबात काही सेकंदांतच कडेने बारीक बुडबुडे सुटू लागले, मग थेंब पूर्ण फेसाळला. पाच मिनिटांनी पुसला तर त्या जागेची चकाकी गेली होती. बोट फिरवलं तर खरखरीत गोल लागत होता.

तो चुनखडीचा दगड होता, पॉलिश केलेला. आम्ही आठवीला जी अभिक्रिया शिकवतो, तीच त्याच्यावर झाली: CaCO₃ + 2HCl → CaCl₂ + H₂O + CO₂. अशा ओट्यावर वर्षभर वीस-वीस मुलांनी आम्ल हाताळलं तर ओट्याला खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांत उरलेलं द्रव्य पुढच्या मुलाच्या बाहीला लागतं. संगमरवरही याच कारणाने चालत नाही.

लिपिकांना बोलावून दोन्ही तुकडे दाखवले. त्यांनी खरखरीत डागावरून दोनदा बोट फिरवलं आणि म्हणाले, "मॅडम, हे दरपत्रकात लिहूनच मागू या." प्रस्तावात वाक्य असं घातलं: "ओट्याचा दगड ग्रॅनाइट असावा. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने पाच मिनिटांत बुडबुडे अथवा डाग येणारा दगड नाकारला जाईल." ज्याची परीक्षा करता येते अशी अट लिहिली की नंतर वाद उरत नाही. आधीच्या मसुद्यात मी "उत्तम प्रतीचा दगड" असं लिहिलं होतं.

५ ऑगस्ट

कपाटं. सध्याच्या कपाटाच्या काचेवर आतून पांढरट पूड बसते. पुसली की महिन्याभरात पुन्हा येते. आज आतल्या बाटल्या नीट पाहिल्या. अमोनियाची बाटली आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली एकाच फळीवर शेजारी शेजारी आहेत. दोघांच्या वाफा एकमेकींना भेटतात आणि अमोनियम क्लोराइड तयार होतं, तीच ही पूड. त्याच कपाटात वरच्या खणात तराजू आणि गॅल्व्हॅनोमीटर आहेत. तराजूच्या पात्याच्या कडेला हिरवट थर आला आहे.

प्रस्तावात तीन कपाटं मागितली आहेत. आम्लांचं वेगळं, अल्कधर्मी द्रावणांचं आणि अमोनियाचं वेगळं, आणि उपकरणांचं तर समोरच्या भिंतीला. आम्ल सगळ्यात खालच्या फळीवर, प्लास्टिकच्या खोल ट्रेमध्ये, म्हणजे बाटली फुटली तरी ट्रेमध्येच राहील आणि बाटली काढताना कोणाच्या डोळ्यांच्या वर हात जाणार नाही. रसायनं नावाच्या अकारविल्हे लावायची नाहीत, हेही लिहिलं. तसं लावलं तर अमोनिया आणि आम्ल पुन्हा शेजारी येतात.

सध्याच्या कपाटातल्या त्या दोन बाटल्या आजच वेगळ्या केल्या. त्यासाठी प्रस्ताव मंजूर व्हायची वाट बघायचं कारण नव्हतं.

९ ऑगस्ट

उष्णतेचा प्रश्न: गॅस की स्पिरिटचे दिवे? यावर आमच्यातच दोन मतं पडली. गॅसची ज्योत जास्त तापते आणि लगेच बंद करता येते. पण सिलिंडर खोलीबाहेर ठेवायचा, भिंतीतून नळी आणायची आणि प्रत्येक ओट्याला बंद करायची चावी द्यायची, तर खर्च आणि देखरेख दोन्ही वाढतात. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून खालून हवा जायला जागाही ठेवावी लागते.

स्पिरिटच्या दिव्याचा धोका वेगळा आहे. उन्हात त्याची ज्योत नीट दिसत नाही. विझलाय असं समजून कोणी बाटलीतून स्पिरिट ओततं आणि आग बाटलीपर्यंत चढते. माझ्या ओळखीच्या एका शिक्षकांचा हात असाच भाजला होता, बाटली हातातच पेटली.

आमच्या ३७ प्रयोगांपैकी ज्योतीची गरज ११ प्रयोगांना आहे. त्यांतल्या सहांना नुसतं गरम पाणी पुरतं, म्हणजे शिक्षकाच्या टेबलावर एक विजेची शेगडी आणि त्यावर पाण्याचं मोठं चंचुपात्र. उरलेल्या पाचांसाठी पहिल्या टप्प्यात दहा स्पिरिटचे दिवे. ते तास सुरू व्हायच्या आधी कपाटांच्या खोलीत भरायचे, तासात एकही दिवा पुन्हा भरायचा नाही, आणि खोलीत एक लिटरपेक्षा जास्त स्पिरिट ठेवायचं नाही. गॅस दुसऱ्या टप्प्यात घ्यायचा. दोघांनाही हे पटलं.

१४ ऑगस्ट

तीन दरपत्रकं आली. एकात वाहतूक धरली नव्हती आणि दुसऱ्यात काचेच्या वस्तूंची मापं लिहिली नव्हती. दोघांनाही परत पाठवली.

१८ ऑगस्ट

खर्चाचा तक्ता. एकूण खर्चाचे शंभर भाग केले, म्हणजे सदस्यांना एका नजरेत दिसावं. ओटे आणि स्टुलं ३४ भाग. पाणी, निचरा, वीज आणि दुसरं दार २६. कपाटं, पंखा, अग्निशामक, वाळूच्या बादल्या आणि डोळे धुण्याचं उपकरण १४. उपकरणं २०. काच आणि रसायनं ६.

या तक्त्याकडे बराच वेळ पाहत बसले. माझ्या पहिल्या मसुद्यात फक्त शेवटच्या दोन ओळी होत्या, शंभरातले २६ भाग. उरलेले ७४ भाग मी धरलेच नव्हते. तो मसुदा मंजूर झाला असता तर उपकरणं आली असती आणि खोक्यांत राहिली असती.

टप्पे करताना एक गोष्ट जाणून-बुजून केली. पैसे थोडे असतील तर समितीचा कल उपकरणं आधी घेण्याकडे असतो, कारण ती दाखवता येतात. पण पाण्याचं आणि विजेचं काम नंतर करायचं तर बसवलेले ओटे उचलावे लागतात. म्हणून पहिल्या टप्प्यात ही कामं, ओटे आणि कपाटं. मात्र त्या टप्प्यात मुलांच्या हातात काहीच पडलं नाही तर पुढच्या मंजुरीच्या वेळी आमच्याकडे सांगायला काही राहणार नाही. त्यासाठी भिंगं, आरसे, सेल, अ‍ॅमीटर आणि व्होल्टमीटर यांचे दहा संच पहिल्याच टप्प्यात घातले. रसायनांची सोय पूर्ण व्हायच्या आधीच प्रकाश आणि विजेचे प्रयोग सुरू करता येतील.

दरवर्षीचा खर्चही वेगळा दाखवला: रसायनं, फुटलेली काच आणि दुरुस्ती मिळून पाच भाग. मुख्याध्यापक आधी म्हणाले की याने सदस्य बिचकतील. मी म्हटलं, "सर, हे आता सांगितलं नाही तर दुसऱ्या वर्षी परीक्षानळ्यांसाठी नवा प्रस्ताव लिहावा लागेल." मग त्यांनीच ती ओळ पत्राच्या पहिल्या पानावर घेतली.

२१ ऑगस्ट

आज पत्र लिहिलं. परिशिष्टं आधी झाल्यामुळे पत्र दीड तासात झालं. पहिल्या मसुद्यातला पहिला परिच्छेद असा होता:

"आजच्या विज्ञानयुगात प्रयोगशाळेचे महत्त्व अनन्यसाधारण आहे. आपल्या शाळेत सुसज्ज प्रयोगशाळा असावी अशी सर्वांचीच तीव्र इच्छा आहे. तरी याबाबत सकारात्मक विचार व्हावा ही नम्र विनंती."

आताचा असा आहे:

"विषय : तळमजल्यावरील सामानाच्या खोलीत विज्ञान प्रयोगशाळा उभारण्यास मंजुरी मिळणेबाबत.

महोदय,

इयत्ता आठवी ते दहावीच्या २४० विद्यार्थ्यांनी स्वतः करावयाचे ३७ प्रयोग सध्या शिक्षक वर्गात करून दाखवतात. प्रत्येक विद्यार्थ्यास पंधरवड्यातून एक जोडतास प्रयोग करता यावा, यासाठी उपरोक्त खोलीत २० विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा दोन टप्प्यांत उभारण्याची परवानगी मिळावी. यासाठी अतिरिक्त शिक्षकाची आवश्यकता नाही. उभारणीचा एकूण खर्च परिशिष्ट 'इ' मध्ये दिला असून, त्यानंतर दरवर्षी त्याच्या पाच टक्के खर्च येईल."

समितीला ठराव करायला जे लागतं ते सगळं यात आहे: कुठे, किती मुलांसाठी, किती वेळा, किती टप्प्यांत, आणि पुढे काय खर्च येईल. शेवटच्या बाकावरच्या मुलीची गोष्ट पत्रात ठेवली नाही. कोणी विचारलं तर तोंडी सांगेन.

२८ ऑगस्ट

बैठक झाली. विषय पंचवीस मिनिटं चालला.

पहिला प्रश्न जबाबदारीचा आला: मुलाला इजा झाली तर? मी तयार होते, पण उत्तर मुख्याध्यापकांनी दिलं. त्यांनी सुरक्षिततेचं पान काढून वाचलं: वीस मुलं, दोन दारं, विजेचा मुख्य खटका शिक्षकाच्या टेबलाशी, गळती होताच प्रवाह तोडणारं यंत्र, चष्मे वीस. दुसरा प्रश्न सामानाच्या खोलीतल्या सामानाचा. हा आम्ही कोणीच धरला नव्हता. मोडकी बाकं, जुनी दप्तरं, क्रीडासाहित्य, हे सगळं कुठे जाणार? अभियंता सदस्य म्हणाले की वरच्या मजल्यावरची ती कोपऱ्यातली खोली मोकळीच आहे, सामानाला पाणी लागत नाही. त्यावर सगळ्यांनी मान हलवली.

एका सदस्यांनी विचारलं, "एवढंच आम्ल पुरेल? नंतर कमी पडलं तर?" त्यांना १४ जुलैचा हिशेब दाखवला. त्यांनी पेन्सिलने एकेक गुणाकार तपासला आणि कागद पुढे सरकवला.

कोणाशी बोलायचं राहिलं असेल तर ते शिपाईमामांशी. चर्चेत कोणीतरी त्यांना विचारलं की रोज खोली पुसायला जमेल का. ते म्हणाले, "जमेल, पण सांडलेलं काय आहे ते मला कसं कळणार?" प्रश्न अगदी रास्त होता. पुसण्याआधी शिक्षकाने ओटे तपासून दारावरच्या तक्त्यात सही करायची, आणि आम्ल सांडलं असेल तर त्यावर खायचा सोडा टाकून फेस थांबेपर्यंत वाट पाहून मगच पुसायचं, असं तिथेच कलम वाढवलं.

२ सप्टेंबर

ठरावाची प्रत मिळाली. पहिला टप्पा पूर्ण मंजूर. दुसऱ्यातला गॅस वगळला आहे, बाकीच्या भागाचा निर्णय पहिल्या टप्प्यातल्या प्रयोगांची नोंदवही सहा महिन्यांनी पाहून होईल. नोंदवहीचे रकाने आजच आखले: तारीख, गट, प्रयोग, किती जोड्यांचा पूर्ण झाला, काय फुटलं.

दरपत्रकांचं पत्र उद्या जाईल. त्यासोबत शांत राहिलेल्या दगडाचा तुकडा दोन भाग करून, दोन्हींवर कंत्राटदाराची आणि लिपिकांची सही घेऊन, एक कार्यालयाच्या कपाटात आणि एक त्याच्याकडे ठेवायचा आहे. ओटे आले की ड्रॉपर घेऊन मी प्रत्येक ओट्याच्या कोपऱ्यावर थेंब टाकणार आहे.